मनातलं कागदावर, पण कॅमेऱ्याला दिसेल असं

एका होतकरू लेखकाच्या पटकथेत असं वाक्य येतं, समजा: ‘सुनंदाला धाकट्या बहिणीचा राग येतो, पण घरी आलेल्या माणसाला कसं बोलावं म्हणून ती गप्प राहते.’ वाचायला यात काही खटकत नाही. कथेत हे वाक्य खपूनही जाईल. पण हाच कागद शूटिंगच्या आधी कला विभागाच्या मुलाच्या हातात पडला, की तो विचारणार, यात आणायचं काय? कॅमेरामन विचारणार, बघायचं कुठे? आणि सुनंदाचं काम करणारी नटी विचारणार, मी गप्प बसून करायचं काय? वाक्यात राग आहे, संकोच आहे, नातं आहे. दिसण्यासारखं मात्र त्यात काहीच नाही.

पटकथेत दोन संवादांच्या मधे जो मजकूर असतो, त्याला चित्रपटवाले सरसकट ‘ॲक्शन’ म्हणतात. ॲक्शन म्हणजे मारामारी नव्हे. पडद्यावर जे दिसणार आणि संवादाखेरीज जे ऐकू येणार, तेवढंच वर्तमानकाळात लिहायचं, असा हा मजकूर. सिनेमा लिहायला शिकणारा माणूस संवादांवर रात्री जागवतो आणि ॲक्शन उरकून टाकतो. माझ्या मते पटकथा उभी राहते की पडते, ते या उरकलेल्या ओळींतच ठरतं.

हा कागद वाचतं कोण, हे एकदा डोळ्यांसमोर आणलं तर निम्मा प्रश्न सुटतो. कथेचा वाचक एकटा असतो आणि लेखकाचे शब्द थेट त्याच्यापर्यंत पोचतात. पटकथेतले शब्द प्रेक्षकापर्यंत कधीच पोचत नाहीत. ते पोचतात दिग्दर्शकापर्यंत, छायालेखकापर्यंत, नटांपर्यंत आणि सहायक दिग्दर्शकापर्यंत. सहायक दिग्दर्शक प्रत्येक सीनचा ब्रेकडाउन करतो, म्हणजे त्या सीनला कोण नट लागणार, कोणते कपडे, कोणती प्रॉपर्टी, कोणती वेळ, याची यादी काढतो. ‘घरात गरिबी आहे’ असं लिहिलं तर त्या यादीत काही चढत नाही. ‘कपाटाचं दार सुतळीनं बांधलेलं’ असं लिहिलं की कपाट येतं, सुतळी येते आणि तिच्यामागोमाग गरिबीही येते.

आपल्याकडे ही चूक जास्त होते, त्याला कारणंही आपलीच आहेत. मराठी लेखक बहुधा कथेतून किंवा नाटकातून पटकथेकडे येतो. कथेत पात्राच्या मनात शिरण्याची पूर्ण मुभा असते. नाटकात मनातलं सगळं बोलून दाखवता येतं, स्वगताचीही सोय असते. तिसरं कारण चित्रपटसृष्टीतल्या नॅरेशनच्या रिवाजाचं. निर्मात्यासमोर, नटासमोर गोष्ट वाचून दाखवायची असते. वाचताना लेखक आवाज चढवतो, थांबतो, ‘आणि त्या क्षणी त्याच्या लक्षात येतं की आपण आयुष्यभर चुकलो’ असं म्हणतो आणि खोलीतल्या माणसांच्या अंगावर काटा येतो. काटा आणला त्या वाक्यानं आणि त्याच्या आवाजानं. शूटिंगच्या दिवशी ते वाक्यही नसतं आणि तो आवाजही नसतो.

कॅमेऱ्याला विचार दिसत नाहीत हे सगळ्यांना कळतं. पण न दिसणाऱ्या आणखी काही गोष्टी असतात, त्या लेखकाच्या सहसा लक्षात येत नाहीत. एक म्हणजे सवय. ‘आबा रोज सकाळी या टपरीवर चहा घेतात.’ कॅमेऱ्याला फक्त आजची सकाळ दिसते, रोज दिसत नाही. मग लिहायचं कसं? आबा टपरीवर येऊन बाकावर बसतात. कोणी काही मागत नाही, कोणी काही विचारत नाही. टपरीवाला कपाऐवजी फळीवरचा एक वेगळा काचेचा ग्लास उचलतो, त्यात चहा ओततो आणि आबांसमोर ठेवतो. आता ‘रोज’ दिसलं, आणि शिवाय टपरीवाल्याच्या मनात आबांसाठी जागा आहे हेही दिसलं.

दुसरी गोष्ट नात्याची. ‘दारात विनायक, रमेशचा आतेभाऊ’ असं लिहिलं की कागद वाचणाऱ्याला नातं कळतं आणि लेखक निर्धास्त होतो. प्रेक्षकाला मात्र दारात एक अनोळखी गृहस्थ दिसतो. तो चपला काढून सरळ स्वयंपाकघरात जातो, फडताळातून स्वतःच तांब्या काढून पाणी पितो, एवढं घातलं तरी निदान हा घरचा आहे हे कळेल. आतेभाऊ हा नेमका शब्द संवादातच यावा लागेल. नाही आला तर प्रेक्षक अर्धा चित्रपट त्याला मेहुणा समजत राहील.

सगळ्यांत अवघड असतो नकार. ‘तो आला नाही’, ‘तिनं पैसे दिले नाहीत’, ‘तिला कोणी विचारलं नाही’. जे घडलंच नाही, त्याचं चित्र काढायचं कसं? त्यासाठी आधी ते घडणार होतं याची खूण दिसावी लागते. चार ताटं मांडलेली, तिघं जेवून उठलेली आणि चौथं ताट पालथं घालून झाकलेलं. मग ‘तो आला नाही’ हे वाक्य कोणी उच्चारायची गरज उरत नाही. न घडलेली गोष्ट दाखवायची तर शेजारी घडलेल्या गोष्टींची रांग लागते. ही युक्ती आपल्याला पुढे लगेच लागणार आहे.

आता सुनंदाकडे येऊ. समजा मूळ कथेतला परिच्छेद असा आहे:

*सुनंदाला बहिणीचा राग आला होता. नवऱ्याच्या आजारपणाचं कारण सांगून मंगलनं चाळीस हजार नेले होते. डबे करून जमवलेले पैसे. ते अजून परत आले नव्हते आणि आता मुलीच्या लग्नाची ही एवढी भारी पत्रिका! पण घरी आलेल्या बहिणीला कसं बोलायचं, म्हणून ती गप्प राहिली.*

‘दिसेल तेच लिहा’ हा नियम नुकताच ऐकलेला लेखक याचं पहिल्या झटक्यात काय करतो, ते बघा:

*मंगल पत्रिका देते. सुनंदा पत्रिकेकडे बघते. तिच्या कपाळावर आठी. ती दीर्घ श्वास घेते. ओठ दाबते. मान वळवते. डोळ्यांत पाणी.*

नियम तंतोतंत पाळला आहे. प्रत्येक गोष्ट दिसणारी आहे. तरीही सीन मेलेला आहे. प्रेक्षकाला दिसतं ते एवढंच, की पत्रिका बघून या बाईला काहीतरी झालं. मत्सर? स्वतःच्या मुलीचं लग्न जमत नाही म्हणून दुःख? की डोकं दुखतंय? चाळीस हजारांचा तर पत्ताच नाही. शिवाय आठी, श्वास, ओठ, मान असं सगळं लेखकानंच ठरवून टाकल्यावर नटीला करायला काही उरलं नाही. विचाराच्या जागी चेहऱ्याची कवायत आली. नवशिक्याच्या पटकथेत हे अगदी हमखास सापडतं. दर पानावर कोणीतरी दीर्घ श्वास घेत असेल, तर लेखकाला काही दिसलेलं नाही असं खुशाल समजावं.

भावनेला चेहरा शोधण्याऐवजी तिला वस्तू आणि काम शोधावं लागतं. सुनंदा डबे करते, म्हणजे तिच्या हातात काम आहे. ती हिशेब ठेवत असणार, म्हणजे घरात वही आहे. उधारीचा राग आहे, म्हणजे वहीत मंगलचं नाव आहे. इथून पुढे सीन आपोआप सुचायला लागतो:

*सीन 14. सुनंदाचं स्वयंपाकघर. आत. सकाळ.*

*ओट्यावर जेवणाचे अकरा डबे, उघडे. सुनंदा (48) एकेकात आमटी वाढते. शेवटच्या डब्याला आमटी पुरत नाही. ती आधीच्या दोन डब्यांतून पळीपळी काढून तो भरते.*

*दारात मंगल (42). काठापदराची नवी साडी, अजून घडी न मोडलेली. ती पिशवीतून लग्नाची पत्रिका काढते. मिठाईच्या खोक्याएवढी, मखमली.*

*सुनंदा पदराला हात पुसून पत्रिका घेते. उघडते. आत सोनेरी गणपती, त्याखाली काजू-बदामाच्या चार छोट्या डब्या.*

*मंगल: ताई, आठ दिवस आधीच यायचंस हं. तुझ्याशिवाय हळद लागायची नाही.*

*सुनंदा: तारीख काय म्हणालीस?*

*मंगल: बारा मे.*

*सुनंदा भिंतीवरच्या खिळ्याची वही काढते. पानं उलटते. नावं आणि आकडे, एकाखाली एक. सगळ्यांवर काट मारलेली. एका ओळीवर नाही: ‘मंगल – 40,000’.*

*त्याच ओळीखाली ती लिहिते: ‘12 मे. लग्न.’*

*वही उघडीच मंगलसमोर ठेवते. डब्यांना झाकणं लावू लागते.*

*मंगल वहीकडे बघते.*

*एक झाकण उचलते. डब्याला लावते.*

यात ‘राग’ हा शब्द नाही, ‘संकोच’ नाही. पण आमटीची ओळ बघा. बहीण यायच्या आधीच प्रेक्षकाला कळलंय, की या घरात पळीभर आमटीचाही हिशेब आहे. ती ओळ नसती तर मखमली पत्रिका नुसती भारी वाटली असती. आता ती बोचते. क्रम उलटा केला, म्हणजे आधी पत्रिका आणि मग आमटी, तर पुरवठ्याची तंगी नंतर चिकटवल्यासारखी दिसेल. ‘पैसे परत केले नाहीत’ हा नकारही कोणी बोललेलं नाही. काट मारलेल्या नावांच्या रांगेत एक नाव बिनकाटीचं राहिलंय, एवढ्यावर तो कळतो.

खरी मेख मात्र एका क्रियापदात आहे. ‘वही उघडीच मंगलसमोर ठेवते.’ याऐवजी ‘वही ओट्यावर उघडी राहते’ असं लिहिलं तर सुनंदा भाबडी होते आणि मंगलला योगायोगानं ते दिसतं. ‘आपटते’ लिहिलं तर ती भांडायलाच निघाली आहे. ‘पटकन मिटते’ लिहिलं तर ती सोसणारी थोरली बहीण होते आणि मंगलनं ते ओझरतं पाहिलं की नाही, हा नवाच प्रश्न उभा राहतो. या चार क्रियापदांनी चार वेगळ्या बायका तयार होतात. कथालेखक हा फरक सांगायला एक परिच्छेद घेईल. पटकथालेखकाला एकच शब्द मिळतो, म्हणून तो नेमका लागतो. ‘करतो’, ‘जातो’, ‘बघतो’ यांनी भरलेलं पान दिसलं की थांबून विचारावं, जातो म्हणजे कसा जातो? लंगडत, रेंगाळत, सटकत? मराठीत क्रियापदांना तोटा नाही, ‘हळूच’, ‘रागाने’, ‘उदासपणे’ असल्या क्रियाविशेषणांची ठिगळं लावायचं कारणच पडत नाही.

आणखी एक गोष्ट. या सीनमध्ये कुठेही ‘क्लोजअप’ लिहिलेलं नाही. तरी ‘मंगल – 40,000’ ही अक्षरं वाचता आली पाहिजेत म्हटल्यावर कॅमेऱ्याला वहीजवळ जावंच लागणार, आणि दिग्दर्शकाला ते सांगावं लागत नाही. ‘मंगल वहीकडे बघते’ ही ओळ स्वतंत्र परिच्छेदात टाकली, की वाचणाराही तिथे क्षणभर थांबतो. परिच्छेद तोडणं हे पटकथालेखकाच्या हातातलं संकलन आहे. एकाच गठ्ठ्यात दहा ओळी लिहिल्या तर शॉट कुठे बदलतो ते कळत नाही आणि घाईत वाचणारा माणूस गठ्ठा ओलांडून थेट संवादावर जातो. तीन-चार ओळींच्या पुढे परिच्छेद जाऊ देऊ नये, असं म्हणतात ते यासाठीच.

पण मंगलच्या चेहऱ्याबद्दल आपण काहीच लिहिलं नाही, मग तिला काय वाटलं ते प्रेक्षकाला कळणार कसं? याचं उत्तर सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात सापडलं. लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकानं मोझ्झुखिन नावाच्या नटाच्या चेहऱ्याचा एकच निर्विकार शॉट घेतला आणि त्याला वेगवेगळी चित्रं जोडली. एकदा सूपची थाळी, एकदा शवपेटी. या प्रयोगाची वर्णनं तपशिलात एकमेकांशी जुळत नाहीत, पण त्यातून निघालेली गोष्ट संकलनाच्या टेबलावर आजही रोज खरी ठरते. चेहरा तोच असतो. त्याच्या शेजारी काय ठेवलं, त्यावरून बघणारा त्या चेहऱ्यावर भूक वाचतो किंवा शोक वाचतो. विचार हा दोन चित्रांच्या मधे प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होतो. म्हणून पात्राचा विचार लिहायचा असेल तर तीन ओळी पुरतात: पात्र बघतं, काय बघतं ते, आणि त्यानंतर ते काय करतं. मंगल बघते. वहीतली ओळ. झाकण उचलते. तिला लाज वाटली, की ती विषय टाळतेय, की हीच तिची माफी आहे? ते नटी आणि दिग्दर्शक ठरवतील, आणि थोडं प्रेक्षक ठरवेल. तिसरी ओळ मात्र टाळता येत नाही. नुसतं ‘बघते’ म्हणून सीन सोडला तर चेहऱ्यावर फार मोठं ओझं पडतं.

मराठीत याचं उत्तम उदाहरण नागराज मंजुळे यांच्या ‘फॅन्ड्री’त आहे. तो त्यांचा 2013 सालचा चित्रपट. जब्याचं कुटुंब गावात डुक्कर पकडतंय, शाळा जवळच आहे, आणि शाळेतल्या पोरांनी, विशेषतः त्याला आवडणाऱ्या शालूनं, आपल्याला या अवस्थेत बघू नये म्हणून जब्या लपतोय. डुक्कर आता हाती लागणार एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकरामागे धावणारी ही माणसं जागच्या जागी उभी राहतात. डुक्कर अर्थातच उभं राहत नाही.

हा प्रसंग विचारांच्या भाषेत लिहायला बसलो तर देश, जात, शाळा, समता, अपमान असे सगळे शब्द लागतील आणि त्यांतला एकही पडद्यावर येणार नाही. दृश्याच्या भाषेत त्याला लागतं काय? धावणारी माणसं, एक प्राणी, आणि ऐकू येणारं राष्ट्रगीत. कोणाच्या मनात काय चाललंय हे सांगणारं इथे कोणी नाही. हसू येतं आणि त्याच वेळी घशात आवंढाही येतो. पुढे पकडलेलं डुक्कर काठीला बांधून खांद्यावरून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकरांची, फुल्यांची चित्रं दिसतात. कॅमेरा ते सगळं एका चौकटीत घेतो आणि गप्प राहतो. कागदावर ही ओळ नेमकी कोणत्या शब्दांत होती, हा इथे मुद्दा नाही. भिंतीवर चित्रं आहेत आणि तिच्यासमोरून ही माणसं जातात, एवढं कोणीतरी आधी डोळ्यांसमोर आणलं, म्हणून ते आपल्याला दिसलं.

आता या नियमाला मर्यादा किती, तेही बघायला हवं, कारण काही शिकवणारे तो सोवळ्यासारखा पाळायला लावतात. ‘मंगल वरमते’ असं लिहिलं तर बिघडलं काय? माझ्या मते काही नाही. वरमणं नटीला करता येतं आणि कॅमेऱ्याला दिसतं. ‘चिडतो’, ‘दचकते’, ‘ओशाळून हसतो’ हे शब्द भावनेचे असले तरी क्रियेचेही आहेत. उलट ‘भुवया वर, ओठ विलग, खांदे मागे’ अशी शरीरशास्त्राची यादी देण्यापेक्षा ‘दचकते’ हा एक शब्द सगळ्यांच्या सोयीचा. आत घेऊ नयेत ती पात्रं नव्हे, ती वाक्यं ज्यांना कारण आणि इतिहास जोडलेला असतो. ‘मंगलला बालपणी ताईनं दिलेला पहिला परकर आठवतो.’ हे कोणत्याही नटीला दाखवता येणार नाही, कितीही थोर असली तरी. तो परकर इतका महत्त्वाचा असेल तर तो आधीच्या एखाद्या सीनमध्ये प्रत्यक्ष यायला हवा.

दुसरी मर्यादा ही, की सगळंच चित्रात बसत नाही आणि बसवायचा हट्ट धरू नये. मंगलनं पैसे नवऱ्याच्या आजारपणाचं कारण सांगून नेले होते. माझ्या सीनमध्ये ते कुठेच नाही. ते दाखवायला मी भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो, टेबलावर औषधांच्या बाटल्या, जुनं डिस्चार्ज कार्ड अशी मांडणी करू शकलो असतो, पण मग सीन प्रदर्शनाच्या दालनासारखा दिसला असता. ती माहिती पुढे एका संवादात येऊ दे, किंवा गळू दे. फोटोकडे टक लावून बघणं, खिडकीबाहेरचा पाऊस, हातातून निसटलेला कप ही चित्रं दिसणारी आहेत खरी, पण इतकी वापरून झाली आहेत की प्रेक्षकाला ती आता दिसेनाशी झाली आहेत.

लिहिलेली ॲक्शन तपासायची असेल तर एक सोपी पद्धत आहे. आपल्या सीनमधले सगळे संवाद खोडून काढायचे आणि उरलेल्या ओळी गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला वाचायला द्यायच्या. मग त्याला विचारायचं, इथे कोणाला काय हवंय? सुनंदाच्या सीनमधून हळद आणि तारीख काढली तरी ‘हिनं तिचे पैसे बुडवलेत आणि आता लग्नाचं आमंत्रण द्यायला आलीय’ इतकं सांगता आलं पाहिजे. त्यानं ‘दोघी बहिणी आहेत का?’ असं विचारलं, तर ‘ताई’ हा संवाद ठेवावाच लागणार, हेही कळलं. एवढं झालं की लेखकाचं काम संपलं. मंगल झाकण लावते तो शॉट पहिल्या टेकला जमणार नाही, दर वेळी सुनंदा वहीत ‘12 मे’ लिहिणार, म्हणून बिनकाटीच्या त्या ओळीखाली जागा कोरी असलेल्या सारख्या दिसणाऱ्या चार-पाच वह्या लागतील. ते पटकथेत लिहायचं नसतं. ते कला विभाग बघून घेतो.